पंच्याण्णव टक्के जुळलं, तरी आल्फा ०.३६

शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत वर्धा होता. तिथल्या अशा आत्महत्यांच्या बातम्या कशा लिहिल्या जातात हे तपासायचं, तर निकष हाताशी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना आहेत आणि त्यांच्या आधारे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. त्यांतून दोन प्रश्न घेऊ. बातमीत हेल्पलाइनचा क्रमांक आहे का? आणि आत्महत्येचं एकच कारण ठामपणे सांगितलं आहे का?

समजा, तीन कोडरांनी त्याच १०० बातम्या एकमेकांशी न बोलता तपासल्या. आकडे कल्पित आहेत, गणित खरं आहे.

पहिला गैरसमज असा, की टक्केवारी मोठी असली की काम झालं. हेल्पलाइनच्या प्रश्नावर ९१ बातम्यांना तिघांनीही ‘नाही’ म्हटलं आणि एका बातमीला तिघांनीही ‘हो’ म्हटलं. सहा बातम्यांत एकटाच ‘हो’ म्हणाला, दोन बातम्यांत दोघे. कोडरांच्या जोड्या धरून मोजलं तर जुळणी जवळजवळ ९५ टक्के येते. पण एकूण ३०० नोंदींत ‘हो’ फक्त १३ आहेत. इतकं ‘नाही’च असेल, तर बातमी न वाचता त्याच प्रमाणात खुणा केल्या तरी सुमारे ९२ टक्के जुळणी आपोआप होते. म्हणजे कोडरांना स्वतःचं कसब दाखवायला जागा उरली ती आठ टक्क्यांची, आणि त्यातली त्यांनी मिळवली जेमतेम तीन. क्रिपेनडॉर्फचा आल्फा इथे ०.३६ येतो.

दुसऱ्या प्रश्नावर तिघांचं एकमत फक्त ८० बातम्यांत झालं: ४० ‘हो’, ४० ‘नाही’. उरलेल्या वीसपैकी दहांत बहुमत ‘हो’चं, दहांत ‘नाही’चं. जोड्यांची जुळणी ८७ टक्केच, पण योगायोगाने होणारी जुळणी इथे निम्मीच असल्याने आल्फा ०.७३ येतो. कमी टक्के जुळलेला प्रश्न जास्त विश्वासार्ह निघाला! म्हणूनच आकडा प्रत्येक प्रश्नाचा वेगळा द्यायचा. दोन्हींची सरासरी छापली, तर हेल्पलाइनच्या प्रश्नातला गोंधळ तिच्याआड दडतो.

कोहेनचा कप्पा (१९६०) दोन कोडरांसाठी आहे. तिघे असतील तर फ्लाइसचा कप्पा किंवा आल्फा घ्यावा. काही नोंदी राहून गेल्या असतील तर आल्फाच सोयीचा. क्रिपेनडॉर्फ ०.८०० ची अपेक्षा ठेवतात आणि ०.६६७ ते ०.८०० दरम्यान फक्त तात्पुरते निष्कर्ष काढू देतात. लँडिस आणि कॉख यांच्या तक्त्यात (१९७७) ०.६१ च्या पुढे ‘भरीव’ जुळणी म्हणतात, म्हणून अडचणीतल्या प्रबंधांना तो फार आवडतो. कोणता उंबरठा मानणार हे कोडिंगआधीच ठरवलेलं बरं.

हेल्पलाइनच्या प्रश्नासारखे ‘हो’ इतके विरळ असताना आल्फा स्वतःच डळमळीत असतो. एकटाच ‘हो’ म्हणाला होता त्या सहापैकी दोन बातम्यांतला ‘हो’ ‘नाही’ झाला, तरी आल्फा ०.३६ वरून ०.४४ वर जातो. म्हणून सोबत विश्वास-अंतराल द्यावा, आणि जमल्यास हेल्पलाइन असण्याची शक्यता असलेल्या बातम्या चाचणीत मुद्दाम जास्त घ्याव्यात. तसं केल्याचं अर्थातच लिहावं.

सगळ्यात घातक गैरसमज वेगळाच आहे: तिघांनी बसून मतभेद मिटवले, आता जुळणी शंभर टक्के. चर्चेनंतरचा आकडा विश्वासार्हतेचा नसतो. वरिष्ठ कोडर बोलला की बाकीचे माना डोलावतात, आणि तडजोडही एकमतासारखीच दिसते. आल्फा काढायचा तो चर्चेआधीच्या नोंदींवरून. म्हणून मूळ तक्ता जपून ठेवायचा आणि चर्चेचा निर्णय वेगळ्या रकान्यात लिहायचा.

आमच्या उदाहरणातले हेल्पलाइनचे आठ मतभेद उलगडले, तर कारण असं निघू शकतं की क्रमांक बातमीखालच्या चौकटीत होता आणि चौकट बातमीचा भाग धरायची का, हे कोडबुकात नव्हतंच. हा कोडरांचा आळस नाही, नियमातली फट आहे. ती बुजवली की नव्या बातम्या घेऊन पुन्हा स्वतंत्र चाचणी घ्यावी. त्याच शंभर बातम्या परत तपासल्या, तर कोडरांना आठवण असते आणि आकडा फुगतो.

‘मतभेद चर्चेने सोडवले’ हे वाक्य मात्र काहीच सांगत नाही. भारतातल्या मिलियन डेथ स्टडीत मृत्यूचं कारण ठरवताना दोन डॉक्टर स्वतंत्रपणे कारण नोंदवत. दोघांची कारणं जुळली नाहीत तर दोघेही परत विचार करत, आणि तरीही भेद राहिला तर ज्येष्ठ डॉक्टर निर्णय देत. कोणी, कोणत्या क्रमाने, कशाच्या आधारे ठरवलं, हे यात दिसतं. आपल्या प्रबंधात तेच असं लिहिता येईल: ‘एकच कारण या प्रश्नावर चर्चेआधीचा आल्फा ०.७३ होता. वीस मतभेदांपैकी चौदा कोडबुकाचा नियम पुन्हा वाचून एकमताने सुटले. सहांचा निर्णय कोडिंगमध्ये नसलेल्या मार्गदर्शकांनी, कोणाची नोंद कोणती हे न पाहता दिला. हेल्पलाइनचा प्रश्न आल्फा कमी आल्याने निष्कर्षांतून वगळला.’