फोटोतल्या पेपरमधलं पत्र

सराव परीक्षांचे दिवस आले, की घराघरांतल्या मोबाइलवर प्रश्नपत्रिकांचे फोटो फिरू लागतात. दहावीतली भाची मामाला मराठीच्या पेपरचा फोटो पाठवते आणि खाली लिहिते, ‘यातलं पत्र कसं लिहायचं?’ मामा मनापासून उत्तर देतो. पण त्याच्या शाळेत शिकवलेल्या साच्यात. वर उजवीकडे स्वतःचा पत्ता, पत्र संपलं की पाकिटाचा चौकोन. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात २०१८ साली हा साचा बदलला. आता पत्र ई-मेलने जाईल असं धरून लिहायचं असतं. सगळं डाव्या समासाला लागून, आधी दिनांक, लिहिणाऱ्याचा पत्ता शेवटी, ई-मेल आयडी आवश्यक आणि पाकीट नाही. ‘कुमारभारती’च्या ८० गुणांच्या पेपरात या पत्राला ६ गुण आहेत.

साच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट फोटोत असते. या प्रश्नात आधी चौकटीत एक निवेदन छापलेलं असतं आणि त्याखाली दोन पर्याय, मध्ये ‘किंवा’. पत्राला लागणारी बहुतेक माहिती त्या चौकटीत असते. फोटो काढताना नेमकी चौकटीची शेवटची ओळ कापली जाते, किंवा ‘किंवा’ निसटतो आणि मूल दोन्ही पत्रं लिहीत बसतं. अंधूक फोटोत १ आणि ९ यांची गल्लत होते. म्हणून लिहायला घेण्याआधी फोटो मोठा करून चौकट अक्षरशः वाचावी आणि प्रश्नाची चारही टोकं फोटोत आहेत ना, ते पाहावं. शब्दमर्यादा आणि गुण बहुधा प्रश्नाच्या टोकाला किंवा उजव्या कडेलाच असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, चौकटीत असं आहे : क. ख. ग. रोपवाटिका, कॉलेज रोड, नाशिक. वनमहोत्सवानिमित्त १ ते ७ जुलै शाळांना मोफत रोपे. मागणी २५ जूनपूर्वी व्यवस्थापकांकडे नोंदवावी. खाली पर्याय : विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपांची मागणी करणारे पत्र लिहा, किंवा या उपक्रमाबद्दल व्यवस्थापकांचे अभिनंदन करणारे पत्र लिहा. शब्दमर्यादा ८० ते १००.

मागणीचं पत्र घेतलं, तर चौकटीतून चार गोष्टी उचलायच्या : पत्र कोणाला, कशासाठी, कोणत्या मुदतीत आणि कोणत्या अटीवर. ‘२५ जूनपूर्वी’ ही ओळ फोटोत कापली गेली असेल, तर मूल बेधडक २८ जून तारीख घालतं आणि पत्राचा उपयोगच संपतो. ‘मोफत’ हा शब्द नजरेआड झाला, की पुस्तकांच्या मागणीचं पाठ केलेलं पत्र उतरतं : ‘योग्य ती सवलत देऊन बिल पाठवावे.’ फुकट मिळणाऱ्या रोपांचं बिल मागणारं पत्र तपासणाऱ्याला लगेच सांगतं, की मुलाने प्रश्न वाचलेला नाही.

काही गोष्टी मात्र आपल्यालाच ठरवाव्या लागतात. रोपं किती, कोणती, कधी नेणार, कोण नेणार. मागणी पत्राचा कणा हाच. ‘भरपूर रोपे पाठवावीत’ या वाक्यावर कोणताही व्यवस्थापक काही करू शकत नाही. परीक्षेत स्वतःचं नाव किंवा शाळेचं नाव लिहायचं नसतं. प्रश्नात नाव दिलं असेल तर ते, नसेल तर अ. ब. क. असं लिहावं.

आता पत्र :

दिनांक : २० जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
क. ख. ग. रोपवाटिका,
कॉलेज रोड, नाशिक.
ई-मेल : abc@xyz.com

विषय : शाळेसाठी रोपांची मागणी करण्याबाबत.

महोदय,

मी प.फ.ब. विद्यालयाचा विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने हे पत्र लिहीत आहे. वनमहोत्सवानिमित्त आपण शाळांना १ ते ७ जुलै या काळात मोफत रोपे देणार असल्याचे निवेदन वाचले. आमच्या शाळेच्या मागच्या आवारात वृक्षारोपण करण्याचे आम्ही ठरवले आहे.

त्यासाठी कडुनिंबाची १०, करंजाची १० आणि जांभळाची ५ अशी एकूण २५ रोपे आम्हांला हवी आहेत. ती नेण्यासाठी आमचे शिक्षक व चार विद्यार्थी २ जुलै रोजी सकाळी १० वाजता रोपवाटिकेत येतील. मुख्याध्यापकांचे संमतिपत्र सोबत जोडले आहे.

मागणी नोंदवल्याचे कृपया लवकर ई-मेलने कळवावे, ही विनंती. लावलेल्या प्रत्येक रोपाची निगा आमचे वर्ग आळीपाळीने राखतील.

आपला विश्वासू,
अ. ब. क.
(विद्यार्थी प्रतिनिधी)
प.फ.ब. विद्यालय, नाशिक.
ई-मेल : pqr@xyz.com

सोबत : मुख्याध्यापकांचे संमतिपत्र

‘महोदय’च्या खालपासून ‘राखतील’पर्यंत मोजलं, तर शब्द ८६ भरतात. दिनांक, पत्ता, विषय आणि शेवटचं नाव सहसा शब्दसंख्येत धरत नाहीत. मर्यादा मजकुराला असते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच येतात, त्यामुळे ‘वनमहोत्सवानिमित्त’ हा एकच शब्द. ऐंशी शब्दांत बरंच मावतं, ते त्यामुळे. परीक्षेत एकेक शब्द मोजायला वेळ नसतो. घरी आखीव कागदावर आपल्या एका ओळीत किती शब्द बसतात ते एकदा पाहून ठेवावं. आठ बसत असतील, तर मजकूर दहा ते बारा ओळींत संपला पाहिजे.

मजकूर लांबतो तो बहुतेक वेळा पहिल्या परिच्छेदात. झाडांचं महत्त्व, प्रदूषण, संतवचन असं करत निबंधच सुरू होतो आणि मागणीला दोन ओळी उरतात. माझ्या मते झाडांच्या महतीचं एकही वाक्य इथे नको. रोपवाटिका चालवणाऱ्याला ती सांगायची गरज नाही. वरच्या पत्रात ३५, ३५ आणि १६ अशी शब्दांची वाटणी आहे : आधी आपण कोण आणि का लिहितो आहोत, मग नेमकं काय हवं, शेवटी उत्तराची विनंती. शब्द कमी पडले, तर भर मधल्या परिच्छेदात घालावी. उदाहरणार्थ, खड्डे खणून तयार आहेत, पाण्याची सोय आहे. जास्त झाले, तर कात्री पहिल्या परिच्छेदाला लावावी.

भाषेत एक चूक वारंवार दिसते. सुरुवात ‘आपण’ने होते आणि मध्येच ‘तुम्ही पाठवा’ येतं. औपचारिक पत्रात ‘आपण’ आणि ‘पाठवावे’, ‘कळवावे’ ही रूपं शेवटपर्यंत टिकली पाहिजेत. ‘सा. न. वि. वि.’ किंवा ‘तीर्थस्वरूप’ घरगुती आणि ओळखीच्या पत्रांत शोभतात, इथे नकोत. विषयाची ओळ एकाच ओळीत संपवावी आणि तिथे जे मागितलं तेच खाली मागावं.

तुमच्याकडे असा फोटो आला, तर पत्र लिहून पाठवू नका. आधी पूर्ण पानाचा सपाट, सावली नसलेला फोटो मागवा आणि मुलाला चौकटीतल्या चार गोष्टी स्वतः काढायला सांगा. मागणीचं पत्र जमलं, की त्याच चौकटीवरून अभिनंदनाचं पत्र लिहायला द्या. त्यात रोपांची संख्या, नेण्याची वेळ आणि संमतिपत्र यांतलं काहीच येणार नाही. उपक्रमातली कोणती गोष्ट आवडली आणि तिचा शाळांना काय उपयोग झाला, हे यावं लागेल. ही दोन पत्रं वेगवेगळी उतरली, तर मुलाला प्रश्न वाचता येतो असं खुशाल समजा.