काठ, काकण आणि बाटली

विवाहप्रसंगी मांडल्या जाणाऱ्या रुखवतात, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आराशीत आणि गौरी-गणपतीच्या मखरात जुन्या, निरुपयोगी ठरलेल्या जिनसांना नवे रूप देण्याची जी रीत महाराष्ट्रातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविली, तिच्यात काचमण्यांची तोरणे होती, करवंट्यांचे पक्षी होते, शंखशिंपल्यांची तुळशीवृंदावने होती. आणि आता तिच्यात प्लॅस्टिकच्या बाटलीचाही प्रवेश झाला आहे. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबंदीची जी अधिसूचना काढली, तिने सजावटीच्या थर्माकोललाही बंदीच्या कक्षेत आणले, आणि मखरे व झुंबरे यांसाठी इतकी वर्षे विनासायास मिळणारा तो पांढरा ठोकळा हातचा गेल्यावर अनेक घरांत कपाटाच्या तळाशी पडलेले साडीचे काठ, डब्यातील विजोड बांगड्या आणि रिकाम्या बाटल्या यांच्याकडे नव्याने लक्ष गेले.

या तीन जिनसांपासून केलेली तोरणे व मेजावरील शोभेच्या वस्तू पाहताना एक उणीव मला वारंवार जाणवत आली आहे, आणि ती कल्पकतेची नसून जोडकामाची आहे. वसुबारसेला दारावर चढविलेले तोरण भाऊबीजेपर्यंत दोन ठिकाणी सुटते, बाटलीवर चिकटविलेली बांगडी ऑक्टोबरच्या उन्हात निसटून पडते, आणि सण संपल्यावर डिंक, रंग व चमकीने माखलेला तो सारा ऐवज ना कपाटात ठेवण्याजोगा उरतो, ना भंगारात देण्याजोगा. माझ्या मते या सर्वांचे मूळ एकाच सवयीत आहे: आपण चिकटवतो, जेथे बांधावयास हवे.

सुतार लाकडाला लावतात तो पांढरा गोंद त्यातील पाणी निघून गेल्यावरच घट्ट होतो. लाकूड, कागद वा सुती कापड ते पाणी शोषून घेतात, परंतु काच आणि बाटलीचे प्लॅस्टिक हे दोन्ही पृष्ठभाग पाण्याला वाट देत नाहीत, त्यामुळे दोहोंच्या मधला गोंद कित्येक दिवस ओला राहतो किंवा कडेपुरता वाळून आत मऊच असतो. गरम गोंदाची बंदूक वापरणाऱ्यांची स्थिती थोडी बरी, पण तीही तात्पुरतीच. कारण तो गोंद गुळगुळीत पृष्ठभागावर नुसता थिजतो, त्याला धरत नाही. सुटलेला थेंब हातात घेऊन पाहावा: त्याची खालची बाजू आरशासारखी नितळ असेल, तर त्याने पकड कधी घेतलीच नव्हती, हे निश्चित समजावे. पृष्ठभाग बारीक पॉलिशकागदाने घासून दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद वापरल्यास जोड टिकतो, हे खरे. परंतु मग ती बाटली, तो काठ आणि ती बांगडी कायमची एकमेकांत अडकतात. भंगारवाला ज्या थोड्या प्लॅस्टिकच्या जिनसा राजीखुशीने घेतो त्यांत पाण्याची स्वच्छ, पारदर्शक बाटली आहे. तिच्यावर कापड व रंग चढविले की तिची ती किंमत संपते. म्हणजे टाकाऊ वस्तूचा उपयोग करण्याच्या नादात आपण उपयुक्त वस्तूच टाकाऊ करीत असतो.

बांधणीचे काम नीट व्हावयाचे तर प्रत्येक जिनसाचा स्वभाव आधी ओळखावा लागतो, आणि त्यांत सर्वांत सावधपणे हाताळावयाची वस्तू म्हणजे काठ. जुन्या साडीला कात्री लावण्यापूर्वी तिच्या जरीची परीक्षा झालीच पाहिजे. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर रुप्याची चपटी तार गुंडाळून तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. हलक्या जरीत रुप्याच्या जागी तांब्याची तार असते. आणि अलीकडच्या स्वस्त जरीत धातूचा केवळ झिलईदार थर दिलेले प्लॅस्टिक असते. वर्षानुवर्षे पेटीत राहिलेली रुप्याची जर काळवंडते, तांब्याची तांबूस होऊन पुढे हिरवट कळकते, आणि प्लॅस्टिकची जर जशीच्या तशी चमकत राहते. संशय उरल्यास काठाच्या टोकाचा एकच धागा उसवून ज्योतीजवळ धरावा: प्लॅस्टिक आक्रसून त्याची गोळी होते, धातूची तार मात्र तशीच उरते. ती तार रुप्याची आढळल्यास त्या काठाचे तोरण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो सराफाला दाखवावा, किंवा नव्या वस्त्रावर शिवून घ्यावा. तोरणासाठी सुती व मिश्र साड्यांचे, इंचभर रुंदीचे अरुंद काठच अधिक योग्य. साडी घडीवर चिरू लागली असली तरी तिचा काठ दाट विणीमुळे बहुधा शाबूत असतो, आणि तो कापताना अंगाचे अर्धा इंच कापड काठासोबत राहू द्यावे, म्हणजे काठाच्या विणीतील धागे निसटत नाहीत.

बांगडीच्या बाबतीत मापाचा उलगडा झाला की हिशेब सोपा होतो. कासार ज्याला ‘दोन-सहा’ म्हणतात त्या मापाचा आतील व्यास दोन इंच आणि वर सहा-सोळांश इंच, म्हणजे सुमारे ६० मिलिमीटर असतो; ‘दोन-आठ’चा अडीच इंच. सर्व बांगड्या एकाच मापाच्या घेतल्या तरच तोरणाची ओळ सरळ दिसते. फिरोजाबादहून येणारी काचेची बांगडी एकेकटी गुंडाळू नये, कारण फेरे आवळताना ती हातातच वाढते आणि काचेचे टोक बोटात शिरते. चार-पाच बांगड्या एकत्र घेऊन तीन ठिकाणी दोऱ्याने बांधाव्यात आणि त्या जुडग्यालाच एक कडे समजून काठ चढवावा. धातूच्या वा प्लॅस्टिकच्या रुंद बांगडीला ही तजवीज लागत नाही.

आता तीन फुटी दाराचे एक तोरण तपशिलाने पाहू. दोन-सहा मापाची, चार मिलिमीटर जाडीची बांगडी बाहेरून सुमारे ६८ मिलिमीटर भरते, तेव्हा एकमेकींना टेकून बसविलेल्या तेरा बांगड्या ९० सेंटिमीटरच्या चौकटीत बेताने मावतात. एका बांगडीला इंचभर रुंदीचा काठ तिरकस गुंडाळताना बाराएक फेरे बसतात आणि टोके धरून ४० सेंटिमीटर पट्टी लागते. तेरांची बेरीज सव्वापाच मीटर होते, म्हणजे नेहमीच्या सहावारी साडीचा एका बाजूचा काठ या कामास पुरतो. गुंडाळण्याची दिशा येथे निर्णायक आहे. काठाच्या दोन कडांपैकी एक विणीतली पक्की किनार असते आणि दुसरी आपण कापलेली कच्ची. प्रत्येक नव्या फेऱ्याची पक्की किनार मागील फेऱ्याच्या कच्च्या कडेवर येईल अशा रीतीने पुढे जावे. तसे केल्यास संपूर्ण कड्यावर एकही सुटा धागा दिसत नाही, आणि उलट केल्यास तेच कडे दोन दिवसांत झिपऱ्या सोडू लागते. रुंद काठ वापरला तर बांगडीच्या आतल्या, लहान परिघावर कापडाच्या चुण्या पडतात. म्हणून इंचाहून अधिक रुंदी घेऊ नये. शेवटचे टोक आत दुमडून सुईने चार टाके घालावेत, आणि हा जोड वरच्या बाजूस, बांधणीच्या जागी ठेवावा, म्हणजे तो झाकला जातो.

दुसऱ्या काठाची दुहेरी घडी घालून तिच्यात सुतळी ओवली की तोरणाची आडवी पट्टी तयार होते. प्रत्येक बांगडी या पट्टीला एका ठिकाणी बांधण्याऐवजी दोन बोटांच्या अंतरावर दोन ठिकाणी बांधावी. एकाच टाक्यावर लोंबणारी बांगडी वाऱ्याने फिरते आणि तिची पाठ दर्शनी येते.

बांगडीच्या मध्यभागी लोंबावयाची आंब्याची पाने बाटलीतून मिळतात. अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीतील अभियंता नॅथॅनिएल वायथ यांनी १९७३ मध्ये जिचे पेटंट मिळविले, ती ही पेट नावाच्या प्लॅस्टिकची बाटली, जाड नळी तापवून, लांबीत ताणून आणि आत हवा भरून फुगविलेली असते. या ताणलेल्या अवस्थेतच ती थंड झालेली असल्याने ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे उष्णता लागताच ती पुन्हा आक्रसू पाहते. म्हणून लेबल काढण्यासाठी कोमट पाणीच घ्यावे, उकळते घेतल्यास बाटली वेडीवाकडी होते. ताण बाटलीच्या अंगात असतो, गळ्यात मुळीच नसतो आणि बुडाच्या मध्यात नाममात्रच, त्यामुळे पाने नेहमी अंगाच्या गुळगुळीत भागातून कापावीत. लिटरच्या हिरव्या बाटलीचा घेर सुमारे २५ सेंटिमीटर असतो. त्यातून तीन सेंटिमीटर रुंदीची आठ पाने निघतात, तेव्हा तेरा पानांसाठी दोन बाटल्या पुरेत. पानाची लांबी बाटलीच्या उंचीच्या दिशेने घेतली तर त्याला खऱ्या पानासारखी पन्हळ येते. आडवी घेतली तर पान टोकाकडून वळते व कधीच सरळ लोंबत नाही. कडेला लाट हवी असल्यास पान चिमट्यात धरून मेणबत्तीच्या वीतभर वर, खिडकी उघडी ठेवून, क्षणभर फिरवावे. त्यावर दुधी डाग उमटला तर उष्णता अधिक झाली, काजळी धरली तर पान ज्योतीच्या फार जवळ गेले. दोऱ्यासाठी भोक पाडताना दाभण तापवून घ्यावे, कारण वितळून झालेल्या भोकाची कड गोल व जाड राहते, तर टोचून पाडलेल्या भोकापासून चीर पुढे सरकते. रंग देऊ नये. तो पोपडे धरून निघतो. हिरवा रंग हवा असेल तर हिरवीच बाटली निवडावी.

मेजावरील पुष्पपात्र याहून सोपे आहे, आणि त्याला दोरासुद्धा लागत नाही. बाटलीचा खालचा चार बोटे उंचीचा भाग कापावा. तिच्या व्यासाहून दोन-तीन मिलिमीटर लहान मापाच्या बांगड्या निवडाव्यात, आणि बाटली किंचित चेपून त्या एकेक वर चढवाव्यात. सोडताच बाटली मूळ आकार घेते आणि बांगड्यांना आतून रेटून धरते. चेपावयाचे असल्याने येथे काचेच्या बांगड्या चालत नाहीत, धातूच्या घ्याव्यात. फसफसणाऱ्या पेयांच्या बाटलीचे पाच पाकळ्यांचे बूड आतील वायूचा दाब सोसण्यासाठी तसे घडविलेले असते. ते मेजावर स्थिर बसते, तरी तळाशी मूठभर वाळू घालावी आणि फुले लहान पेल्यात ठेवून तो पेला आत बसवावा.

या पात्रात पणती मात्र कदापि ठेवू नये. ज्या प्लॅस्टिकला चहाच्या उष्णतेनेच विकार होतो, त्याच्या तोंडाशी तेलाची ज्योत आणणे म्हणजे वस्त्र, जर आणि प्लॅस्टिक एकदम पेटण्याला निमंत्रण होय. उजेड हवा असेल तर सेलवर चालणारा लहान विजेचा दिवा पुरेसा आहे. तोरणाखालच्या उंबऱ्यावरील पणत्याही लोंबत्या पानांच्या व काठांच्या सरळ खाली न ठेवता चौकटीच्या बाहेर, बाजूला मांडाव्यात.

त्रिपुरी पौर्णिमा झाली की तोरण उतरवावे, टाके उसवावेत, काठ सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवून गुंडाळी करून ठेवावेत, बांगड्या मापाप्रमाणे पुन्हा डब्यात घालाव्यात आणि पाने उरलेल्या बाटलीसह भंगारवाल्याकडे पाठवावीत. यंदा ज्या वाचकांचा अशी आरास करण्याचा मानस असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, गोंद विकत आणण्याआधी त्यांनी एक बांगडी आणि हातभर काठ घेऊन गुंडाळून पाहावे.