सारांशातले तीन आकडे आणि ताळेबंदाच्या टिपा

कर्जप्रस्तावाच्या सारांशात करंट रेशो, डेट-इक्विटी आणि इंटरेस्ट कव्हर हे तीन आकडे बहुधा एकाच चौकटीत दिलेले असतात. त्यांतला भागाकार सहसा चुकत नाही. प्रश्न असतो तो वर आणि खाली कोणत्या ओळी धरल्या याचा. म्हणून तपासणाऱ्याने लगेच आपले वेगळे गुणोत्तर काढायला बसू नये. आधी सारांशातलाच आकडा लेखापरीक्षित ताळेबंदातून हुबेहूब जुळवून पाहावा. तो ज्या मांडणीने जुळतो, तीच मांडणी कोणती ओळ गाळली हे सांगते.

उदाहरणासाठी सुटे भाग बनवणारी एक मध्यम आकाराची काल्पनिक कंपनी घेऊ. 31 मार्च 2024 च्या सारांशात करंट रेशो 1.46, डेट-इक्विटी 0.64 आणि इंटरेस्ट कव्हर 3.12 असे दिले आहे. ताळेबंदात भागभांडवल आणि राखीव निधी मिळून 900 लाख रुपये, चालू मालमत्ता 1,840 लाख आणि चालू देणी 1,440 लाख आहेत. या शेवटच्या दोन आकड्यांचा भागाकार 1.28 येतो. मग 1.46 कुठून आला?

1,840 ला 1.46 ने भागले की 1,260 येतात, म्हणजे देण्यांतून 180 लाख गायब आहेत. अल्पमुदतीच्या कर्जांची टीप उघडली की 180 हाच आकडा समोर येतो. येत्या बारा महिन्यांत फेडायचे मुदत कर्जाचे हप्ते तेवढेच आहेत. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हे हप्ते अल्पमुदतीच्या कर्जांत दाखवावे लागतात; त्याआधी ते ‘इतर चालू देणी’ या शीर्षकाखाली असत. जुना साचा वापरणाऱ्याकडून ते निसटू शकतात आणि मुद्दामही वगळले जाऊ शकतात. खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना हे हप्ते बाजूला ठेवण्याची पद्धत बँकांत आहे, पण ते गणित वेगळे. कंपनी वर्षभरात काय फेडू शकेल हे पाहायचे असेल तर हप्ता हे देणेच आहे. त्याच दुरुस्तीने कंपनीला आपली गुणोत्तरे टिपेत देणे आणि त्यांत काय धरले हे सांगणे बंधनकारक केले आहे. त्यामुळे सारांश आणि ती टीप शेजारी ठेवली की पहिली तफावत लगेच दिसते.

1.28 हाही शेवटचा आकडा नाही. येण्यांचे वयोमान दाखवणाऱ्या तक्त्यात 850 लाखांपैकी 130 लाख सहा महिन्यांहून जुने आहेत. इतर चालू मालमत्तेत 80 लाखांची आगाऊ रक्कम आहे, आणि संबंधित पक्षांच्या टिपेवरून ती प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीला दिलेली आहे हे कळते. गेल्या वर्षीच्या रकान्यातही ती जशीच्या तशी आहे. वर्षभर न हललेल्या रकमेला चालू म्हणणे कठीण. सहा महिन्यांवरची येणी चालू मालमत्तेत न धरण्याचा बँकांचा जुना परिपाठ आहे. दोन्ही वजा केल्यावर 1,630 भागिले 1,440, म्हणजे 1.13. टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीत चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा दीर्घमुदतीच्या पैशातून यावा लागतो. त्यातूनच 1.33 ही परिचित पातळी निघते. सारांश वाचून कंपनी या पातळीच्या आरामात वर दिसते, टिपा वाचून बरीच खाली.

मालसाठा या गणितात पुस्तकातल्या किमतीलाच धरला आहे, कारण तो जुना झाला का हे ताळेबंद सांगत नाही. मात्र कॅश क्रेडिट असलेल्या कंपनीच्या बाबतीत एक ताळा मिळतो. बँकेला दिलेली तिमाही स्टॉक-स्टेटमेंट हिशेबाशी जुळतात का हे टिपेत द्यावे लागते आणि फरक असल्यास तो मांडावा लागतो. मंजूर मर्यादा पाच कोटींच्या वर असली की लेखापरीक्षकालाही त्यावर लिहावे लागते. मार्चच्या स्टेटमेंटमधला साठा पुस्तकाहून जास्त निघाला, तर करंट रेशोपेक्षा त्या फरकाची चौकशी आधी करावी.

डेट-इक्विटीचा 0.64 जुळवायला दोन गोष्टी कराव्या लागल्या. वर फक्त बँकेचे दीर्घमुदतीचे कर्ज, 700 लाख, धरले आणि खाली 900 मध्ये संचालकांची 200 लाखांची बिनतारण कर्जे मिळवली. 700 भागिले 1,100 म्हणजे बरोबर 0.64. वरच्या बाजूला 180 लाखांचे हप्ते नाहीत आणि 620 लाखांचे कॅश क्रेडिटही नाही. डेट म्हणजे फक्त मुदत कर्ज अशी व्याख्या काही ठिकाणी चालते. तशी ती असेल तर सारांशात लिहायला हवी, आणि तरीही हप्ते गाळता येत नाहीत, कारण ते त्याच कर्जाचा तुकडा आहेत.

संचालकांच्या पैशाचा मुद्दा अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. बँकेचे कर्ज फिटेपर्यंत तो परत घेणार नाही असा लेखी करार असेल, तर त्याला क्वासी इक्विटी म्हणून भांडवलाशेजारी बसवतात. या कंपनीच्या टिपेत वर्षारंभीची शिल्लक 290 लाख आणि वर्षअखेरची 200 लाख आहे. म्हणजे कॅश क्रेडिट चालू असताना संचालकांनी 90 लाख काढून घेतले. असा करार असेलच तर तो पाळला गेला का, हे विचारायला हवे. नसेल तर हे साधे कर्ज आहे. ते वर नेले की एकूण कर्ज 1,700 आणि भांडवल 900, गुणोत्तर 1.89. करार खरोखर पाळला गेला असता तरी 1,500 भागिले 1,100 म्हणजे 1.36 आले असते. निष्कर्ष लिहिताना हे दोन्ही आकडे आणि त्यांमागची अट सोबत लिहावी. एकच आकडा दिला तर वाचणाऱ्याला पुन्हा तोच अंधार.

इंटरेस्ट कव्हर ताळेबंदातून थेट निघत नाही. त्यासाठी नफा-तोटा पत्रक लागते. करपूर्व नफा 190 लाख, व्याज 165, घसारा 160. तिन्हींची बेरीज 515, आणि 515 भागिले 165 म्हणजे 3.12. सारांशात घसारा मिळवून कव्हर काढले आहे. घसारा न मिळवता ते 2.15 येते. घसारा हा रोखीचा खर्च नाही हे खरे, पण 180 लाखांचे हप्ते ज्या पैशातून जायचे तोही हाच पैसा आहे. म्हणून कोणता नफा धरला हे आकड्याशेजारी लिहिणे आवश्यक.

ताळेबंदाचा उपयोग इथे दुसऱ्या रीतीने होतो. वर्षारंभीचे एकूण कर्ज 1,580 लाख आणि वर्षअखेरचे 1,700, सरासरी 1,640. त्यावर 165 लाख व्याज म्हणजे साधारण 10 टक्के, तर मंजुरीपत्रांतला दर 12 टक्क्यांच्या आसपास. सुमारे 30 लाखांचे व्याज कुठे गेले? उत्तर स्थिर मालमत्तेच्या टिपेत सापडते. नव्या शेडच्या बांधकामावरचे 35 लाखांचे व्याज त्या शेडच्या किमतीत मिळवले आहे. लेखामानकांना हे मान्य आहे, पण बँकेला ते व्याज रोखीनेच द्यावे लागले. दोन्ही मिळून व्याज 200 लाख. इतर उत्पन्नाच्या टिपेत जमीन विकून मिळालेला 48 लाखांचा नफाही आहे, तो पुढच्या वर्षी येणार नाही. तो वजा केला की व्याज व करापूर्वीचा नफा 355 ऐवजी 307, आणि 307 भागिले 200 म्हणजे 1.54. कर्जाची 1,640 ही सरासरी दोनच तारखांची असल्यामुळे व्याजदरातल्या टक्का-अर्ध्या टक्क्याच्या फरकाने गोंधळू नये. मधल्या महिन्यांत कॅश क्रेडिट बरेच वरखाली होते. दोन टक्क्यांचा फरक मात्र टिपांत शोधावाच लागतो, आणि तिथे सापडला नाही तर बँक खात्याच्या उताऱ्यातल्या व्याजाच्या नोंदी महिन्यागणिक मिळवून पाहाव्या लागतात.