टाकीत साठ अंश, अंगावर चाळीस

जठारपेठेतील गच्चीवरचा सौर बंब पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत पाणी जेमतेम कोमट करतो. ते स्नानास पुरेसे वाटते. परंतु वीस ते पंचेचाळीस अंश सेल्सिअस या उष्णतेत लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झालेल्या साथीमुळे ते प्रथम ओळखले गेले. दूषित पाण्याचे सूक्ष्म तुषार शॉवरखाली श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास न्यूमोनिया होतो. वृद्ध, धूम्रपान करणारे व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले यांना धोका अधिक.

पन्नास अंशांवर हे जिवाणू मरण्यास काही तास लागतात, साठ अंशांवर मात्र काही मिनिटेच. म्हणून साठवणीचे पाणी साठ अंशांवर ठेवावे. ढगाळ दिवसांत सौर टाकीतील विजेचा हीटर लावून ते तेथपर्यंत तापवावे.

मात्र साठ अंशांचे पाणी सुमारे पाच सेकंदांत प्रौढाची त्वचा खोलवर भाजते; बालकांची त्याहूनही लवकर. यावर उपाय टाकीची उष्णता उतरवणे हा नव्हे, तर नळाशी मिश्रण करणे हा आहे. हिवाळ्यात वीस अंशांचे दहा लिटर थंड पाणी आधी बादलीत घ्यावे, मग साठ अंशांचे दहा लिटर ओतावे. चाळीस अंशांचे वीस लिटर पाणी मिळते. शॉवरसाठी उष्णता आपोआप मर्यादित ठेवणारी मिश्रण-झडप बसवावी. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतील ‘थंड’ पाणीच तापलेले असते, तेव्हा गरम पाणी कमी घ्यावे आणि हाताने पाहूनच बालकास स्नान घालावे.