गणवेशाचं कापड आणि बूट घेताना

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळा वर्षाला किमान 200 दिवस भरली पाहिजे. घरात गणवेशाचे दोन जोड असतील, तर एकेक जोड वर्षात साधारण शंभरदा धुतला जातो. दुकानात कापड हाताला किती मऊ लागतं किंवा त्याला किती चकाकी आहे, याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. शंभर धुण्यांनंतर ते कसं दिसेल, हाच प्रश्न महत्त्वाचा.

सदऱ्याला सहसा टेरिकॉट वापरतात. त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास पॉलिएस्टर आणि बाकी सूत असतं. ते आटत नाही, लवकर वाळतं, इस्त्रीही फारशी मागत नाही. निव्वळ सुती कापड घाम टिपतं, पण आटतं आणि लवकर विरतं. पँट, स्कर्ट आणि पिनाफोरसाठी पॉलिएस्टर-व्हिस्कोजचं सुटिंग चालतं. त्याचा दोष म्हणजे घासल्या जाणाऱ्या जागी बारीक गोळे येतात. तंतू सुटून गुंततात आणि पॉलिएस्टर चिवट असल्यामुळे ते गोळे गळून पडत नाहीत. सैल पिळाच्या, मऊ सुताच्या कापडाला ही खोड जास्त. दुकानात कापडाचा कोपरा तळहाताने जोरात घासला आणि लव उभी राहिली, तर ते घेऊ नये.

धुण्याची परीक्षा घरीही होते. गणवेशाचं सगळं कापड घेण्याआधी त्याच ठाणातला हातभर तुकडा आणावा. त्यावर 20 सेंटिमीटर अंतरावर दोन टाके घालावेत आणि एका बाजूला पांढऱ्या सुती कापडाची पट्टी शिवून टाकावी. कोमट साबणपाण्यात अर्धा तास भिजवून, चोळून धुवावं आणि सावलीत वाळवावं. पांढऱ्या पट्टीवर निळा किंवा मरून डाग पडला, तर रंग कच्चा. प्रयोगशाळेतही जवळपास असंच करतात आणि 1 ते 5 अशी श्रेणी देतात. गणवेशाला 4 किंवा त्याहून वरची हवी. टाक्यांमधलं अंतर 19.4 सेंटिमीटर भरलं, तर कापड 3 टक्के आटलं. 70 सेंटिमीटरच्या पँटला याचा अर्थ दोन सेंटिमीटरहून अधिक उंची गेली. असं कापड शिवण्याआधी भिजवून घ्यावंच लागतं.

रंगाचा आणि मुलाच्या वाढीचा संबंध सहसा लक्षात येत नाही. तिसरीतला मुलगा वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतो. त्यातली निम्मी वाढ पायांची धरली, तर पँटच्या मोहरीत सहा-सात सेंटिमीटर दाब ठेवल्यास दोन वर्षं निभावतात. पण कापड विटणारं असेल, तर दुसऱ्या वर्षी दाब उसवल्यावर खाली गडद पट्टा उघडा पडतो आणि पँट जोडल्यासारखी दिसते. म्हणजे वाढीसाठी सोडलेला दाब पक्क्या रंगाच्या कापडातच उपयोगी पडतो. तयार कपड्यांत हा दाब बहुधा दीड-दोन सेंटिमीटरच असतो. घेतानाच मोहरी उलटून बघावी. कमरेला मागे इलास्टिक आणि शिवणीत थोडं जादा कापड असलं की भागतं.

बुटांना दाब ठेवता येत नाही. ‘पुढच्या वर्षीही चालतील’ म्हणून दोन नंबर मोठे बूट घेणं हा खोटा हिशेब. बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकायला हवा. मोठा बूट भलतीकडे वाकतो, तिथे घडी पडते आणि रेक्झिन चिरतं. संध्याकाळी मुलाला कागदावर उभं करून दोन्ही पाय आखावेत आणि मोठ्या पायाच्या लांबीपुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा सोडावी. एका नंबराचा फरक जवळजवळ साडेआठ मिलिमीटर असतो. पावसाळ्यात नुसता चिकटवलेला सोल आधी उघडतो. साच्यात ओतून वरच्या भागाला थेट बसवलेला सोल जास्त टिकतो. बूट पुढून वाकवून पाहावा. सोलच्या काठाशी फट दिसली, तर तो परत ठेवावा.

विक्रेता निवडताना भावापेक्षा सातत्य बघावं. सोलापूरसारख्या ठिकाणी गणवेश शिवणारे कारखाने भरपूर आहेत आणि दुकानदार त्यांच्याकडून माल उचलतात. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्येही छटा बदलते. म्हणून पुढच्या वर्षी तीच छटा मिळेल का, आटलेला किंवा रंग सोडणारा नग बदलून मिळेल का, हे आधीच विचारावं. कापडाच्या काठावर गिरणीचं नाव छापलेलं असेल, तर ते टिपून ठेवावं. दुकानदार बिलावर कापडाचा प्रकार लिहून द्यायला तयार नसेल, तर दुसरं दुकान गाठावं.