सात पूल आणि चार प्रकारची वाटचाल

प्रशियातील क्योनिग्सबर्ग हे शहर प्रेगेल नदीने चार तुकड्यांत विभागले होते: उत्तरेचा काठ, दक्षिणेचा काठ, मधले क्नाइपहोफ हे बेट आणि त्याच्या पूर्वेला नदीच्या दोन फाट्यांमध्ये असलेला लोम्झे हा भूभाग. अठराव्या शतकात हे चार तुकडे सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सातही पूल पार करणारा फेरफटका मारता येईल का, हा तिथला प्रसिद्ध प्रश्न. लेओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने 26 ऑगस्ट 1735 रोजी सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत त्याचे उत्तर मांडले. ते उत्तर होते: नाही.

ग्राफ सिद्धांताच्या पहिल्याच धड्यात वॉक, ट्रेल, पाथ आणि सायकल अशी चार नावे भेटतात. व्याख्या पाठ होतात, पण चारांतला फरक मनात ठरत नाही. तो ठरवण्यासाठी क्योनिग्सबर्गइतके सोयीचे गाव नाही, कारण तिथे चारही प्रकार अवघ्या सात पुलांत सापडतात.

आधी नकाशा सोपा करू. भूभाग केवढा आहे, पूल किती लांब आहे, याला इथे महत्त्व नाही. प्रत्येक भूभागासाठी एक बिंदू काढायचा, त्याला शिरोबिंदू म्हणतात. प्रत्येक पुलासाठी दोन बिंदू जोडणारी एक रेघ काढायची, तिला कड म्हणतात. बिंदू आणि कडा मिळून ग्राफ होतो. पुलावरून दोन्ही बाजूंनी जाता येते, म्हणून हा दिशाहीन ग्राफ. एकेरी वाहतूक असती तर प्रत्येक रेघेवर बाण काढावा लागला असता.

उत्तर काठाला ‘उ’, दक्षिण काठाला ‘द’, क्नाइपहोफला ‘क’ आणि लोम्झेला ‘ल’ म्हणू. उ आणि क यांच्यामध्ये दुकानदारांचा पूल आणि लोहारांचा पूल असे दोन पूल आहेत. द आणि क यांच्यामध्येही दोन आहेत, हिरवा पूल आणि क्योटेल पूल. क ते ल मधाचा पूल, उ ते ल लाकडी पूल आणि द ते ल उंच पूल. झाले सात.

कशाची पुनरावृत्ती चालते?

चारही प्रकारांत आपण एका बिंदूपासून निघतो, कडेवरून शेजारच्या बिंदूवर जातो, तिथून पुढच्या कडेवर, असे चालत राहतो. फरक एवढाच, की कशावरून पुन्हा जायला परवानगी आहे.

वॉकमध्ये काहीच बंधन नाही. उत्तर काठावरून लाकडी पुलाने लोम्झेला जा, मधाच्या पुलाने क्नाइपहोफला जा, त्याच मधाच्या पुलाने लोम्झेला परत या आणि उंच पुलाने दक्षिण काठ गाठा. हा चार लांबीचा वॉक झाला. लांबी म्हणजे ओलांडलेल्या कडांची संख्या. एकच कड दोनदा ओलांडली तर ती दोनदा मोजायची.

ट्रेलमध्ये एक बंधन येते: कोणतीही कड दुसऱ्यांदा ओलांडायची नाही. बिंदूवर मात्र पुन्हा येता येते. दुकानदारांच्या पुलाने उ पासून क ला जा, लोहारांच्या पुलाने उ ला परत या, मग लाकडी पुलाने ल आणि उंच पुलाने द गाठा. उत्तर काठावर आपण दोनदा उभे राहिलो, पण चारही पूल वेगवेगळे होते. म्हणून हा ट्रेल आहे. वरचा वॉक ट्रेल नव्हता, कारण त्यात मधाचा पूल दोनदा आला.

पाथमध्ये बंधन बिंदूंवर येते: कोणताही बिंदू दुसऱ्यांदा यायला नको. उ पासून लाकडी पुलाने ल आणि तिथून उंच पुलाने द, हा पाथ. बिंदू पुन्हा येत नसेल तर कड पुन्हा येणे शक्यच नाही, कारण तीच कड पुन्हा ओलांडायची तर तिच्या टोकांवर पुन्हा यावे लागेल. म्हणून प्रत्येक पाथ हा ट्रेल असतोच आणि प्रत्येक ट्रेल हा वॉक असतोच. उलट मात्र खरे नाही, हे वरच्या दोन उदाहरणांत दिसले.

सायकल म्हणजे चक्र. ते जिथून सुरू होते तिथेच संपते. सुरुवातीचा बिंदू शेवटी पुन्हा येतो, त्याखेरीज कोणताही बिंदू पुन्हा येत नाही आणि कोणतीही कड पुन्हा ओलांडली जात नाही. उ, दुकानदारांच्या पुलाने क, मधाच्या पुलाने ल, लाकडी पुलाने परत उ: हे तीन कडांचे चक्र.

सुरुवातीच्या जागी परत आले की चक्र झाले, असे मात्र नाही. क पासून दुकानदारांच्या पुलाने उ, लोहारांच्या पुलाने पुन्हा क, हिरव्या पुलाने द आणि क्योटेल पुलाने पुन्हा क, अशी फेरी मारा. एकही पूल दोनदा आला नाही आणि शेवट सुरुवातीच्या जागी झाला, तरी हे चक्र नव्हे, कारण क हा बिंदू मध्येच एकदा येऊन गेला. याला बंद ट्रेल म्हणतात. नीट पाहिले तर ही क वर जोडलेली दोन लहान चक्रे आहेत.

या बंधनांचा परिणाम लांबीवर लगेच दिसतो. वॉक हवा तितका लांब करता येतो, एकाच पुलावर ये-जा करत राहिले तरी पुरते. ट्रेलमध्ये प्रत्येक पूल एकदाच, म्हणून तो सातापेक्षा लांब होऊ शकत नाही. बिंदू चारच आहेत, म्हणून पाथ फार तर तीन कडांचा आणि चक्र फार तर चार कडांचे.

ट्रेलचा प्रश्न, पाथचा प्रश्न

आता क्योनिग्सबर्गचा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडता येतो: सातही कडा असलेला ट्रेल आहे का? भूभागांवर कितीही वेळा या, पूल मात्र एकदाच.

ऑयलरचा युक्तिवाद असा. वाटचालीच्या मध्ये एखाद्या भूभागावर आलो तर एका पुलाने येतो आणि दुसऱ्याने जातो. म्हणजे अशा प्रत्येक भेटीत पुलांची एक जोडी वापरली जाते. भूभागाला जोडलेल्या पुलांची संख्या विषम असेल, तर जोड्या लावून एक पूल उरतो. तो सुरुवातीला किंवा शेवटीच वापरला जाऊ शकतो. सुरुवात एक आणि शेवट एक, म्हणून असे विषम भूभाग दोनपेक्षा जास्त असून चालणार नाहीत. क्योनिग्सबर्गमध्ये क ला पाच पूल आणि उ, द, ल यांना प्रत्येकी तीन. चारही विषम! तेव्हा असा ट्रेल नाही.

सहा पुलांचा ट्रेल मात्र आहे. मधाचा पूल सोडून द्या. मग क ला चार आणि ल ला दोन पूल उरतात, विषम फक्त उ आणि द. तेव्हा उ पासून निघावे लागेल आणि द ला संपवावे लागेल. दुकानदारांच्या पुलाने क, लोहारांच्या पुलाने उ, लाकडी पुलाने ल, उंच पुलाने द, हिरव्या पुलाने क, क्योटेल पुलाने द. सहा पूल, प्रत्येक एकदाच.

विषम बिंदू दोन किंवा शून्य असतील आणि ग्राफ सलग जोडलेला असेल, तर सर्व कडांचा ट्रेल नक्की मिळतो. ही उलट बाजू कार्ल हियरहोल्त्सरने सिद्ध केली. त्याचा लेख त्याच्या मृत्यूनंतर 1873 मध्ये छापून आला.

हेच शहर घेऊन प्रश्न पुलांऐवजी भूभागांबद्दल विचारा: प्रत्येक भूभागावर एकदाच जाऊन सुरुवातीला परत येता येईल का? उत्तर सहज होकारार्थी येते. उ पासून लाकडी पुलाने ल, उंच पुलाने द, हिरव्या पुलाने क आणि दुकानदारांच्या पुलाने उ. चारही बिंदूंचे हे चक्र आहे, तीन पूल न वापरलेले राहिले तरी त्याला हरकत नाही. विल्यम रोवन हॅमिल्टनच्या नावाने ते ओळखले जाते.

चार बिंदूंवर ते नुसते पाहून सापडले. बिंदू शेकडो असतील तर चित्र बदलते. ट्रेलच्या प्रश्नाला प्रत्येक बिंदूपाशी कडा मोजणे आणि ग्राफ जोडलेला आहे ना हे पाहणे पुरते. सर्व बिंदूंच्या चक्रासाठी असा मोजून निकाल देणारा नियम सापडलेला नाही. 1972 मध्ये रिचर्ड कार्पने जे 21 अवघड प्रश्न एकमेकांशी जोडून दाखवले, त्यांत हाही होता. कोणत्याही ग्राफवर तो झटपट सोडवणारी रीत आजही कोणाकडे नाही. कडेवरचे बंधन बिंदूवर नेले, एवढ्यानेच सोपा प्रश्न अवघड झाला.

दोन बाजूंनी चालणाऱ्या कडेचा फसवा भाग

लांबच्या वाटेतून जवळची वाट नेहमी काढता येते. दोन वेगळ्या बिंदूंमध्ये वॉक असेल तर पाथही असतोच. एखादा बिंदू दोनदा आला की त्या दोन भेटींमधला सगळा भाग कापून टाका आणि पुनरावृत्ती संपेपर्यंत हे करत राहा. आपल्या पहिल्या वॉकमध्ये ल दोनदा आला होता. मधला मधाच्या पुलाचा जाऊन-येऊन भाग कापला, की उ, ल, द हा पाथ हाती येतो.

बंद वॉकमधून चक्र मिळेलच, असे मात्र म्हणता येत नाही. उ पासून लाकडी पुलाने ल ला गेलो आणि त्याच पुलाने परत आलो, तर बंद वॉक झाला, पण त्यात चक्र नाही. याउलट दुकानदारांच्या पुलाने जाऊन लोहारांच्या पुलाने परत आलो, तर दोन कडांचे खरे चक्र होते. म्हणून दोन बिंदूंमध्ये एकाहून अधिक कडा असतील तर नुसते ‘उ, क, उ’ लिहून भागत नाही, पुलांची नावेही लिहावी लागतात. दोन बिंदूंमध्ये एकच कड असलेल्या साध्या ग्राफमध्ये ही अडचण नसते आणि तिथे चक्राला किमान तीन कडा लागतात.

ग्राफमध्ये चक्र आहे का, हे शोधणारा प्रोग्राम लिहिताना हीच जागा चुकते. प्रोग्राम एका बिंदूवरून दुसऱ्यावर जातो आणि आधी पाहिलेला बिंदू पुन्हा दिसला की चक्र सापडले असे सांगतो. पण दिशाहीन ग्राफमध्ये जिथून आलो तो बिंदू नेहमीच शेजारी दिसणार. ती कड वगळली नाही, तर एकच पूल असलेल्या गावातही चक्र असल्याचे उत्तर येते. उलट, कड लक्षात न ठेवता आलेला बिंदूच वगळला, तर दुकानदार आणि लोहार या जोडपुलांचे चक्र हातचे सुटते. कार्यक्रम तपासायचा असेल तर हे दोन छोटे ग्राफ त्याला देऊन पाहावेत: एका कडेने जोडलेले दोन बिंदू आणि दोन कडांनी जोडलेले दोन बिंदू. पहिल्यावर ‘नाही’ आणि दुसऱ्यावर ‘आहे’ असे उत्तर यायला हवे.

एक सावधगिरी वाचकांनी बाळगावी. सर्व पुस्तके ही नावे एकाच अर्थाने वापरत नाहीत. काही लेखक वॉकलाच पाथ म्हणतात आणि आपल्या पाथला ‘सिंपल पाथ’ म्हणतात. त्यामुळे नवे पुस्तक उघडल्यावर नावावर न जाता व्याख्या वाचावी आणि तीन प्रश्न विचारावेत: कड पुन्हा चालते का, बिंदू पुन्हा चालतो का आणि शेवट सुरुवातीला येऊन मिळतो का? या तिन्हींची उत्तरे मिळाली की समोरची वाटचाल कोणत्या प्रकारची आहे, याबद्दल शंका उरत नाही.