दुधी, दोडका, पालक: वाटीभर भाजीचा हिशेब

घरात कुणाला शौचाला खडा होऊ लागला की जाणती बाई पहिल्यांदा ताटातली भाजी बदलते. बटाटा-वांगे मागे पडते आणि दुधी, दोडका, पालक यांच्या पाळ्या लागतात. हा उपाय बहुतेकांच्या बाबतीत खरोखर लागू पडतो, पण अनेक घरांत तो अर्धवट केला जातो. भाजी चमचाभर वाढली जाते, साले कचऱ्यात जातात, पालकाचे पाणी मोरीत ओतले जाते आणि आठ दिवसांनी म्हटले जाते, "दुधीने काही फरक पडला नाही."

मल कडक का होतो, ते आधी पाहू. निरोगी मलात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असते. अन्नाचा उरलेला भाग मोठ्या आतड्यातून पुढे सरकत असताना आतडे त्यातले पाणी शोषून घेत राहते. हा प्रवास जितका रेंगाळतो तितका मल कोरडा होतो. दुधीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असते, म्हणून ती पोट साफ करते असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे, कारण भाजीतले बरेचसे पाणी लहान आतड्यातच शोषले जाते. शेवटपर्यंत पोहोचतो तो चोथा. भाजीतला न पचणारा तंतुमय भाग पाणी धरून ठेवतो, मलाचे आकारमान वाढवतो आणि त्यामुळे आतडे त्याला लवकर पुढे ढकलते. म्हणजे पाणी आणि चोथा दोन्ही हवेत. नुसता चोथा वाढवला आणि पाणी कमी प्यायले, तर उलट त्रास होतो.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. या तीन भाज्या चोथ्याच्या बाबतीत फार श्रीमंत नाहीत. १०० ग्रॅम दुधीत, दोडक्यात किंवा पालकात साधारण दोन ग्रॅम, फार तर अडीच ग्रॅम चोथा असतो. गवारीत त्याच्या दुप्पट मिळतो. तरीही या तिघी सरस ठरतात, कारण त्या मोठी वाटीभर खाता येतात. शिजून मऊ होतात, दात नसलेल्या माणसालाही चालतात, मसाला मागत नाहीत आणि भाकरी कुस्करायला पातळ रस्सा देतात. गवार एवढी कुणी खात नाही.

म्हणूनच त्या साध्या शिजवायच्या. दुधीची भाजी करायची तर पाव किलो कोवळी दुधी घ्या. नख सहज रुतले आणि बिया मऊ असल्या की ती कोवळी. अशा दुधीची साल न काढता नुसती धुऊन बारीक फोडी करा. दोन मोठे चमचे मूगडाळ अर्धा तास भिजवा. चमचाभर तेलात जिरे, हिंग, हळद आणि आल्याचा छोटा तुकडा घाला. फोडी व डाळ परतून झाकणावर पाणी ठेवा आणि मंद आचेवर पंधरा मिनिटे वाफवा. मग झाकणावरचे गरम पाणी आत ओतून रस्सा पातळ करा, मीठ-कोथिंबीर घाला. मूळव्याध किंवा फिशर असेल तर तिखट टाळा, कारण शौचाच्या वेळी त्याची आग होते. जून दुधीची साल मात्र काढावी लागते आणि कडक बियाही.

दोडक्याच्या फक्त टोकदार शिरा किसून काढायच्या, खालची साल राहू द्यायची. काढलेल्या शिरा तिळासोबत तेलावर कुरकुरीत परतून चटणी केली की चोथा वाया जात नाही. भाजीत भिजवलेली हरभरा डाळ घातली तर उत्तम, पण ज्यांना गॅस होतो त्यांनी मूगडाळच घ्यावी. पालकाची जुडी चिरताना मोठी दिसते, शिजल्यावर वाटी-दोन वाट्या उरते. म्हणून चौघांना एक जुडी पुरत नाही. कोवळे देठ भाजीत जाऊ द्या आणि ताकातली पातळ भाजी करताना पालक त्याच पाण्यात घोटा. घोटल्याने चोथा नाहीसा होत नाही. तो जातो दुधीचा रस किंवा पालकाचे सूप गाळल्यावर.

एक नेहमीचे ताट घेऊ. साठी-सत्तरीतल्या गृहस्थांना चावायला त्रास होतो, म्हणून सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वरणभात आणि चमचाभर बटाट्याची भाजी, रात्री पुन्हा मऊ भात. दिवसभरात चोथा दहा ग्रॅमच्या आत. मोठ्या माणसाला तो तीस ग्रॅमच्या आसपास लागतो. आता दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी आणि दीडशे ग्रॅम दोडक्याची रस्साभाजी वाढा. भाकरीचे साधारण दहा ग्रॅम, भाजीचे तीन, वरणाचे तीन. रात्री भातासोबत दीडशे ग्रॅम दुधी मूगडाळ घालून, म्हणजे आणखी सहा-सात. एकूण बावीस-तेवीस ग्रॅम होतात आणि एका पिकल्या पेरूने तीसच्या जवळ पोहोचता येते. या हिशेबात दोन्ही भाज्यांचा स्वतःचा वाटा जेमतेम सहा ग्रॅम आहे. भाकरी आणि डाळ पोटात जाण्याचे काम त्यांच्या रश्शाने केले. मैद्याच्या पावाबरोबर खाल्लेली दुधी तेवढे काम करणार नाही.

हा बदल एकदम करू नका. गॅस धरतो आणि माणूस भाजीच सोडतो. आधी एक वेळ, चार-पाच दिवसांनी दोन्ही वेळ, आणि त्याच्या जोडीने दिवसभर थोडे थोडे पाणी. फरक दोन दिवसांत नव्हे, आठवड्या-दोन आठवड्यांत कळतो. सुट्या, कडक लेंड्या जाऊन मऊ, अखंड मल कुंथावे न लागता होऊ लागला की ताट जमले. पातळ होऊ लागले तर प्रमाण कमी करा.

दुधी चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि पूर्ण दुधी टाकून द्या. हा कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि तो शिजवून जात नाही. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि कडू रस पिऊ नये असा इशारा दिला. दोडक्यालाही हाच नियम लावा. पालकात ऑक्सलेट बरेच असते, म्हणून मुतखडा झालेल्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच खावा. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालकाचे प्रमाण अचानक वाढवू नये.

काही बद्धकोष्ठता ताटाने सुटत नाही. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि थायरॉइडचा विकार यांनीही मल कडक होतो. मलात रक्त दिसणे, वजन उतरणे, पोट फुगून वारा न सरणे, उलट्या होणे किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही असेल तर दुधीची वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. बाकीच्या साध्या त्रासात मात्र भाजी चमच्याने नव्हे, वाटीने वाढा.